संभाषण लांबलं की एआयची उत्तरं इंग्रजीत का जातात, आणि ती मराठीत परत कशी आणायची?

सुरुवात छान होते. तुम्ही मराठीत विचारता, एआय चॅटबॉट मराठीत उत्तर देतो. चार-पाच प्रश्नांनंतर उत्तरातले मथळे इंग्रजीत दिसायला लागतात. मग मध्येच एखादं अख्खं वाक्य इंग्रजीत येतं. दहाव्या-बाराव्या उत्तरापर्यंत मराठी गायब झालेली असते, आणि तुम्ही मात्र अजून मराठीतच विचारत असता.

बरेच जण "चालतंय, कळतंय ना" म्हणून पुढे जातात. पण उत्तर वाचणारा माणूस दुसराच असेल, किंवा नेमकी महत्त्वाची अट त्या इंग्रजी भागात असेल, तर हे चालत नाही. हे कसं घडतं ते सोलापूरच्या एका उदाहरणातून पाहू.

एक टॉवेल, एक मेल आणि 11 ग्रॅम

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी चादरी आणि टेरी टॉवेलच्या कारखान्यांसाठी ओळखली जाते. समजा, तिथल्या एका छोट्या कारखानदाराला बाहेरदेशीच्या खरेदीदाराची चौकशी आली आहे. मेल इंग्रजीत आहे. माल असा: अंघोळीचे टॉवेल, माप 70 × 140 सेंटिमीटर, वजन 450 जीएसएम, एकूण 6,000 नग. (हे उदाहरण समजण्यासाठी रचलेलं आहे, पण असा हिशोब टॉवेलच्या धंद्यात रोज होतो.)

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. 70 × 140 सेंटिमीटरचा टॉवेल 0.98 चौरस मीटर भरतो. त्याला 450 ने गुणलं की एका टॉवेलचं वजन 441 ग्रॅम येतं. हा पहिला प्रश्न कारखानदार चॅटबॉटला मराठीत विचारतो आणि हिशोबासकट मराठीत उत्तर मिळतं.

पुढच्या संदेशात तो खरेदीदाराचा चाळीस ओळींचा इंग्रजी मेल जसाच्या तसा चिकटवतो आणि वर लिहितो, "याचा अर्थ सांग." उत्तर मराठीतच येतं, पण मथळे इंग्रजीत. त्याकडे लक्ष जात नाही. मग घाईत तो एक प्रश्न रोमन लिपीत टाइप करतो, म्हणजे शब्द मराठी आणि अक्षरं इंग्रजी. या वेळी उत्तर अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. त्यानंतर तो पॅकिंगची इंग्रजी यादी चिकटवतो आणि वजनाबद्दल परत विचारतो. आता सगळं उत्तर इंग्रजीत येतं.

त्या उत्तरात एक ओळ आहे: वजन 5 टक्क्यांपर्यंत जास्त चालेल, पण कमी अजिबात चालणार नाही. कारखानदार ते उत्तर तसंच व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या मास्तरला पाठवतो. मास्तर मराठी आणि तेलुगू सफाईने वाचतो, इंग्रजीतले फक्त आकडे बघतो. त्याला 5 टक्के दिसतात. वजनात 5 टक्के इकडे-तिकडे ही सूट त्याच्या ओळखीची आहे, म्हणून तो तोच अर्थ लावतो. 441 मधून 5 टक्के वजा केले तर 419 ग्रॅम होतात. त्या हिशोबाने 430 ग्रॅमचा टॉवेल आरामात बसतो, सूतही वाचतं. पण या खरेदीदाराच्या अटीनुसार टॉवेल 441 ते 463 ग्रॅमच्या मध्येच हवा. 430 चा टॉवेल 11 ग्रॅमने कमी पडतो, आणि 6,000 नगांचा माल नाकारला जाऊ शकतो.

उत्तर चुकीचं नव्हतं. ते चुकीच्या भाषेत होतं.

मॉडेल "भाषा निवडत" नाही

सोलापुरात माणसं दिवसभर भाषा बदलत असतात. एकाशी मराठी, दुसऱ्याशी तेलुगू, तिसऱ्याशी कन्नड किंवा हिंदी. पण समोर कोण आहे हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. मास्तरशी मराठीत बोलणारा मालक मध्ये इंग्रजी फोन घेतो आणि फोन ठेवल्यावर मास्तरशी परत मराठीतच बोलतो.

भाषेचं मॉडेल, म्हणजे चॅटबॉटच्या मागचं यंत्र, असं चालत नाही. ते उत्तराचा एकेक तुकडा तयार करतं. प्रत्येक वेळी ते तोपर्यंतचा सगळा मजकूर विचारात घेतं आणि यापुढे काय येणं सर्वांत शक्य आहे ते ठरवतं. या मजकुरात तुमचे प्रश्न असतात, तुम्ही चिकटवलेला मेल असतो आणि मॉडेलने आधी दिलेली उत्तरंही असतात. कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचं याची वेगळी नोंद सहसा कुठे ठेवलेली नसते. भाषासुद्धा त्या समोरच्या मजकुरावरूनच ठरते.

आता आपल्या उदाहरणातला मजकूर बघा. कारखानदाराची मराठी पाच-सहा ओळी आहे. इंग्रजी मेल आणि पॅकिंगची यादी मिळून साठ-सत्तर ओळी भरतात. यापुढे काय येणं शक्य आहे, याचं पारडं इंग्रजीकडे झुकतं.

त्यातच मॉडेलचा मूळचा कल इंग्रजीकडे असतो. मेटा कंपनीने 2023 मध्ये लामा 2 हे मॉडेल जाहीर केलं, तेव्हा त्याच्या प्रशिक्षणाच्या मजकुरात कोणती भाषा किती होती याचा तक्ताही दिला. त्यात इंग्रजी 89.7 टक्के होती. ज्या भाषांचा वाटा निदान 0.005 टक्के होता त्या सगळ्या तक्त्यात होत्या, पण त्यात एकही भारतीय भाषा नव्हती. नंतरच्या मॉडेलांमध्ये इतर भाषा वाढल्या आहेत आणि ती मराठी खूप बरी लिहितात. तरी उताराची दिशा तीच आहे. जोर कमी पडला की गाडी इंग्रजीकडेच घसरते.

हा अनुभव फक्त मराठीचा नाही. कोहिअर या कंपनीच्या संशोधकांनी 2024 मध्ये पंधरा भाषांमध्ये या घसरणीची चाचणी घेतली आणि तिला "भाषेचा गोंधळ" अशा अर्थाचं नाव दिलं. त्यांनी तीन प्रकार धरले. कधी पूर्ण उत्तर वेगळ्या भाषेत येतं, कधी काही ओळी, आणि कधी मधले काही शब्द. मुख्यतः इंग्रजीवर घडवलेल्या मॉडेलांमध्ये हा गोंधळ जास्त दिसला. हव्या त्या भाषेतले नमुने आधी दाखवले तर तो कमी झाला. हा शेवटचा मुद्दा पुढे कामाला येईल.

संभाषण लांबल्यावरच हे का होतं?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे एक इंग्रजी उत्तर दुसऱ्याला बोलावतं. मॉडेल स्वतःची आधीची उत्तरंही वाचतं. एका उत्तरात इंग्रजी मथळे आले आणि तुम्ही काही बोलला नाहीत, तर तो या संभाषणाचा नमुना बनतो. पुढच्या उत्तरात मथळ्यांबरोबर वाक्यंही इंग्रजीत येतात. म्हणून घसरण एकदम दिसत नाही, पायरीपायरीने होते.

दुसरं कारण म्हणजे पहिली सूचना मागे पडते. "मराठीत उत्तर दे" हे तुम्ही सुरुवातीला एकदा लिहिलं. त्यावर आता पानंच्या पानं मजकूर साचला आहे. ताज्या आणि लांबलचक मजकुरापुढे त्या एका ओळीचा प्रभाव कमी होतो.

तिसरं कारण म्हणजे मॉडेलची एका वेळी वाचण्याची मर्यादा, आणि ती मराठीत लवकर भरू शकते. मॉडेल मजकूर अक्षरांत मोजत नाही, छोट्या तुकड्यांत मोजतं. त्यांना टोकन म्हणतात. संगणकात इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट जागा घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट. "टॉवेल" या शब्दात काना-मात्रा धरून पाच चिन्हं आहेत, म्हणजे 15 बाइट. तोच इंग्रजी शब्द पाच बाइटमध्ये बसतो. ज्या मॉडेलांचे तुकडे इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून पाडले आहेत, तिथे मराठी शब्दाचे बरेच जास्त टोकन होतात. मर्यादा भरली की काही सेवा जुना मजकूर गाळतात, काही त्याचा सारांश करून ठेवतात. या गाळण्यात सगळ्यात आधी जाऊ शकते ती पहिली ओळ: "मराठीत उत्तर दे."

आधी ओळखायचं कसं?

पूर्ण उत्तर इंग्रजीत येईपर्यंत थांबू नका. त्याआधी खुणा दिसतात, आणि बहुतेक वेळा त्या एका क्रमाने येतात. सुरुवातीला मथळे आणि यादीतल्या ठळक शब्दांची भाषा बदलते. मग ज्या शब्दांना रोजच्या वापरातला मराठी शब्द आहे तेही इंग्रजीत, रोमन लिपीत येऊ लागतात. "वजन"च्या जागी इंग्रजी शब्द दिसला की समजा, घसरण सुरू झाली. त्यानंतर उत्तराची शेवटची ओळ, म्हणजे "आणखी काही हवं का" छापाचं वाक्य, इंग्रजीत येतं. पूर्ण उत्तराची पाळी सहसा त्यानंतर येते.

"जीएसएम" किंवा "कार्टन" हे शब्द आले म्हणजे घसरण नव्हे. कारखान्यात तेच शब्द बोलले जातात. त्यांच्याऐवजी कोणी न वापरणारा जड शब्द आला तर उलट गोंधळ वाढतो.

मराठीची एक जास्तीची अडचण म्हणजे ती कधी कधी हिंदीकडेही सरकते. लिपी तीच असल्याने वरवर वाचताना हे लक्षात येत नाही. "और", "के लिए", "है" असे शब्द मध्येच दिसले तर तिथेच थांबा.

परत मराठीत आणण्याचे उपाय

पहिला आणि सगळ्यात परिणामकारक उपाय तक्रारीचा नाही, दुरुस्तीचा आहे. इंग्रजी उत्तर आल्यावर आपण खाली लिहितो, "अरे, मराठीत सांग." त्याने पुढचं उत्तर मराठीत येईलही, पण ते इंग्रजी उत्तर संभाषणात तसंच राहतं आणि पुढेही ओढत राहतं. त्याऐवजी ज्या संदेशानंतर घसरण झाली तो तुमचाच संदेश संपादित करून पुन्हा पाठवा. चॅटजीपीटीसारख्या सेवांमध्ये आपल्या संदेशावर पेन्सिलची खूण मिळते. संदेश बदलला की तिथून संभाषण नव्याने सुरू होतं आणि त्याखालचं इंग्रजी उत्तर पुढच्या हिशोबातून बाहेर जातं. आपल्या उदाहरणात कारखानदाराने पॅकिंगच्या यादीपाशी नव्हे, त्याही आधी, मेल चिकटवला त्या संदेशापाशी जायला हवं. इंग्रजी मथळे तिथूनच सुरू झाले होते.

दुसरा उपाय म्हणजे चिकटवलेल्या मजकुराला कुंपण घालणं आणि सूचना शेवटी लिहिणं. कारखानदाराने मेलच्या वर तीन शब्द लिहिले आणि खाली चाळीस ओळी इंग्रजी राहिली. म्हणजे उत्तर सुरू होण्याआधी मॉडेलसमोर सर्वांत ताजा मजकूर इंग्रजी होता. क्रम उलटा करा:

```
खाली खरेदीदाराचा मेल आहे. तो फक्त संदर्भासाठी आहे.
--- मेल सुरू ---
(मेल इथे चिकटवा)
--- मेल संपला ---
या मेलमधल्या वजनाच्या अटी मराठीत, देवनागरीत लिही.
मथळेही मराठीत दे.
जीएसएम, कार्टन हे शब्द तसेच ठेव.
आकडे आणि एककं बदलू नकोस.
```

यात चार गोष्टी नेमक्या सांगितल्या आहेत: भाषा, लिपी, मथळे, आणि कोणते शब्द जसेच्या तसे ठेवायचे. नुसतं "इंग्रजी नको" म्हटलं तर काय हवं आहे ते मोकळंच राहतं. सूचना स्वतः देवनागरीत लिहा. रोमन लिपीतली मराठी टाइप करायला सोपी असली तरी तिची अक्षरं इंग्रजीची आहेत, आणि उत्तरही त्या लिपीकडे किंवा थेट इंग्रजीकडे वळू शकतं. फोनवर देवनागरी टाइप करणं जड वाटत असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला. मजकूर देवनागरीत उमटतो. पाठवण्याआधी आकडे मात्र एकदा बघून घ्या.

तिसरा उपाय म्हणजे नमुना देणं. उत्तर कसं हवं ते सांगण्यापेक्षा एक ओळ लिहून दाखवा:

```
असं लिही:
माप: 70 × 140 सेंमी. यात बदल चालणार नाही.
```

दोन-तीन अशा ओळी दिल्या की मॉडेलसमोर ताजा मराठी नमुना राहतो आणि पुढच्या ओळी त्याच घडणीच्या येण्याची शक्यता वाढते.

चौथा उपाय म्हणजे कामं वेगळी ठेवणं. खरेदीदाराला इंग्रजी उत्तर लिहायचं असेल तर ते वेगळ्या संभाषणात लिहून घ्या. समजून घेण्याचं आणि मास्तरला पाठवण्याचं काम मराठी संभाषणात राहू द्या. एकाच ठिकाणी "हे मराठीत सांग, आता ते इंग्रजीत लिही" असं आलटून-पालटून केलं की मॉडेलसमोर कोणतीच भाषा पक्की राहत नाही.

पाचवा उपाय फार लांबलेल्या संभाषणासाठी आहे: ते बंद करा. आतापर्यंत ठरलेल्या गोष्टी स्वतःच मराठीत लिहा आणि त्या घेऊन नवं संभाषण सुरू करा. आपल्या उदाहरणात ते टिपण एवढंच होईल:

```
माल: अंघोळीचा टॉवेल, 70 × 140 सेंमी, 6,000 नग
वजन: 450 जीएसएम, म्हणजे एका टॉवेलचे 441 ग्रॅम
सूट: 463 ग्रॅमपर्यंत चालेल; 441 च्या खाली एकही नाही
यापुढे सगळी उत्तरं मराठीत, देवनागरीत दे.
```

याच्या पहिल्या तीन ओळी मास्तरला पाठवल्या असत्या तरी 430 चा टॉवेल निघाला नसता.

कायमची सूचना ठेवली तर?

काही सेवांच्या सेटिंगमध्ये कायमची सूचना लिहून ठेवता येते. चॅटजीपीटीत तिचं नाव `Custom instructions` असं दिसतं. तिथे "मी मराठीत विचारलं की मराठीतच, देवनागरीत उत्तर दे, चिकटवलेला मजकूर इंग्रजी असला तरीही" असं लिहा. ही सूचना संभाषणातल्या पहिल्या ओळीसारखी गाळली जात नाही, कारण ती प्रत्येक वेळी सोबत दिली जाते.

पण ती म्हणजे कुलूप नव्हे. इंग्रजी मजकूर खूप असेल, किंवा चॅटबॉटने इंटरनेटवर शोधून इंग्रजी पानं वाचली असतील, तर घसरण तरीही होऊ शकते. अशा वेळी प्रश्नाच्या शेवटची एक ओळ जास्त उपयोगी पडते.

मराठीत आलं म्हणून बरोबर आलं असं नाही

इंग्रजी उत्तर मराठीत करून घेताना अट बदलू शकते. "कमी चालणार नाही" याचं "शक्यतो कमी नसावं" झालं तर वाक्य मराठीच आहे, पण अर्थ गेला. लाख आणि मिलियन यांची गल्लत होते. "डझन"चा "नग" होतो. म्हणून पैसे, वजन किंवा तारीख ज्या अटीत आहे, त्या प्रत्येक अटीखाली मूळ इंग्रजी वाक्य मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून आकडे जुळवा. यामुळे संभाषणात पुन्हा इंग्रजी येते, म्हणून हे काम सगळ्यात शेवटी करा आणि त्यानंतर तिथे नवा प्रश्न विचारू नका.

मास्तरला मेसेज पाठवण्याआधी एवढं तपासायला पाच मिनिटं लागतात. 441 च्या खाली एकही नाही, ही ओळ त्याला मराठीत मिळाली की माग कसा लावायचा ते त्याला सांगावं लागत नाही.